पोटाचा घेर, खडा आणि मूळव्याध: वजन हळूहळू उतरवण्याचा उपयोग नेमका कुठे होतो

मूळव्याध म्हणजे शरीरात नव्याने उगवलेली गाठ, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर ज्या मऊ गाद्यांपासून ती तयार होते त्या प्रत्येकाच्या गुदद्वाराच्या आत जन्मापासून असतात. रक्तवाहिन्यांचं जाळं, थोडा स्नायू आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू मिळून या गाद्या बनतात आणि साधारणपणे त्या तीन असतात. नळ कितीही घट्ट पिळला तरी आतला वॉशर झिजला असेल तर पाणी गळत राहतं. गुदद्वाराभोवतीचा स्नायू कितीही आवळला तरी मधे जी बारीकशी फट उरते, ती बुजवण्याचं वॉशरसारखं काम या गाद्या करतात. त्यामुळे वायू सरतो, पण पातळ मल झिरपत नाही.

शौचाला बसून कुंथलं की या गाद्यांमध्ये रक्त भरतं आणि त्या थोड्या खाली सरकतात. उठल्यावर पुन्हा जागेवर जातात. वर्षानुवर्षं मलाचा कडक खडा ढकलावा लागला की त्यांना वर धरणारे तंतू ताणले जातात, सैल पडतात आणि गादी खालीच राहू लागते. यालाच आपण ‘कोंब आला’ म्हणतो. पहिल्या पायरीत कोंब आतच असतो, फक्त रक्त दिसतं. दुसरीत तो शौचाच्या वेळी बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने आत सारावा लागतो आणि चौथीत सारूनही जात नाही. रक्त लालभडक असतं, मलात मिसळलेलं नसतं, शेवटी थेंब-थेंब पडतं किंवा चिळकांडी उडते. आतल्या कोंबाला वेदनेच्या नसा नसतात म्हणून तो सहसा दुखत नाही. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी कळ येत असेल तर बहुतेक वेळा तो फिशर, म्हणजे गुदद्वाराची चीर असते. अचानक बाहेरच्या बाजूला निळसर, टणक, खूप दुखणारी गाठ आली तर तिथे रक्त गोठलेलं असतं. हा फरक आधी समजून घ्यायला हवा, कारण कित्येक जण चिरेवर महिनोन्महिने मूळव्याधीचं मलम लावत बसतात.

आता वजनाकडे येऊ. पोटाच्या पोकळीत कायम थोडा दाब असतो. निरोगी, सडपातळ माणसात तो साधारण ५ ते ७ मिलिमीटर पारा असतो. स्थूल माणसात, विशेषतः पोटाच्या आत आतड्यांभोवती चरबी साठलेल्या माणसात, तो ९ ते १४ पर्यंत गेलेला आढळतो. हा दाब शौचापुरता नसतो, दिवसभर असतो. दुकानात बसल्यावर असतो, गाडी चालवताना असतो, वाकून बुटाची लेस बांधताना तर आणखी वाढतो. गुदद्वाराकडून वर जाणाऱ्या शिरांमधलं रक्त या दाबाविरुद्ध चढायचं असतं, त्यामुळे खालच्या गाद्या तुंबलेल्या राहतात. कटीच्या तळाशी असलेला स्नायूंचा पडदाही या भाराखाली हळूहळू खाली झुकतो. अशा आधीच फुगलेल्या गादीवर सकाळी कुंथण्याचा दाब येऊन पडतो. म्हणजे वजन एकट्याने मूळव्याध करतं असं नाही. सडपातळ माणसांनाही ती होते आणि पुष्कळ स्थूल माणसांना कधीच होत नाही. पण ज्याच्या गाद्या सैल पडू लागल्या आहेत त्याला वजन सावरू देत नाही.

इथे वजनकाट्यापेक्षा टेप जास्त सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही आपल्याकडची सर्रास दिसणारी ठेवण. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ च्या वर स्थूलपणा मानतात. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की पोटाच्या आतली चरबी वाढली असं धरतात. मोजताना पँटचा पट्टा जिथे बांधतो तिथे मोजू नये, कारण तो पोटाखाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरावा, श्वास सोडल्यावर आकडा पाहावा, पोट आत ओढू नये.

बद्धकोष्ठतेचं आणि वजनाचं नातं मात्र इतकं सरळ नाही. ‘वजन वाढलं म्हणून पोट साफ होत नाही’ असं मी म्हणणार नाही, कारण भरपूर वजन असूनही ज्यांना रोज व्यवस्थित शौचाला होतं अशी पुष्कळ माणसं आहेत. ही दोन्ही दुखणी बहुतेकदा एकाच घरातून येतात. बैठं काम, भात आणि मैद्यावर चाललेलं जेवण, भाजी नावापुरती, रात्रीचं जेवण दहा वाजता, सकाळी घाईत दाबून ठेवलेली शौचाची जाणीव. यातून वजनही वाढतं आणि मलही कडक होतो. मग वजनामुळे गुडघे धरतात, चालणं कमी होतं, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही आणि कोंडी वाढत जाते. एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. वजन वाढणं, पोट जड राहणं, थकवा आणि थंडी सहन न होणं हे सगळं एकत्र असेल तर थायरॉइड मंद असू शकतं. त्यासाठी टीएसएच ही साधी रक्ततपासणी असते.

‘मला रोज होतं, मग बद्धकोष्ठता कशी?’ हा प्रश्न नेहमी येतो. रोज जाणारा माणूसही बद्धकोष्ठतेचा रुग्ण असू शकतो. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणं ही एक खूण झाली. बकरीच्या लेंड्यांसारखा किंवा भेगाळलेला कडक मल, बऱ्याचदा जोर करावा लागणं, झाल्यावरही ‘अजून आहे’ असं वाटत राहणं, याही तितक्याच खऱ्या खुणा आहेत. मूळव्याधीच्या दृष्टीने किती वेळा झालं यापेक्षा कसं झालं आणि किती जोर लागला हे महत्त्वाचं आहे.

ही सगळी मांडणी एका उदाहरणावर पाहू. ते ओपीडीत भेटणाऱ्या अनेक माणसांचं मिळून केलेलं आहे. सांगलीकडचा एक कापड दुकानदार, वय ४६, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. बीएमआय जवळपास ३१, कंबर १०४. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर बसून. संडासात मोबाइल घेऊन वीस-पंचवीस मिनिटं. वर्षभरापासून अधूनमधून लाल रक्त, अलीकडे कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो.

त्याच्यासाठी सगळ्यात आधी आहार नव्हता, तपासणी होती. रक्त मूळव्याधीचंच आहे हे गृहीत धरायचं नसतं. डॉक्टरांनी बोटाने तपासलं, छोट्या नळीतून आत पाहिलं आणि दुसऱ्या पायरीचे कोंब दिसले. वय पंचेचाळीसच्या पुढे आणि हिमोग्लोबिन थोडं कमी, म्हणून कोलोनोस्कोपीही केली. मोठं आतडं स्वच्छ निघालं. त्यानंतरच खाण्यापिण्याची बोलणी सुरू झाली. मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्याचा कर्करोग होत नाही असं थोडंच आहे, म्हणून हा क्रम मी सोडत नाही.

त्याचं जेवण लिहून काढलं. सकाळी चहा आणि खारी. दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, दोनदा भात, पातळ वरण. संध्याकाळी दोन चहा आणि मूठ-दीड मूठ फरसाण. रात्री आमटी-भात. दिवसभरात साखर घातलेले चार चहा. यात तंतू, म्हणजे चोथा, जेमतेम १५ ग्रॅम भरतो. गरज असते २५ ते ३० ग्रॅमची. आणि उष्मांक मात्र गरजेपेक्षा बरेच जास्त.

पहिले तीन आठवडे वजनाला हातच लावला नाही. आधी मल मऊ करायचा, मग वजन, हा क्रम उलटा केला की माणूस अडकतो. रात्री जेवणानंतर एक मोठा चमचा इसबगोलाचा भुसा मोठ्या ग्लासभर पाण्यातून लगेच पिऊन टाकायचा आणि वर आणखी अर्धा ग्लास पाणी. आठवड्याने गरज वाटली तर दोन चमचे. इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर. पाणी दिवसाला दोन-सव्वादोन लिटर. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टर ठरवतील. पाण्याशिवाय घेतलेला भुसा आतड्यात घट्ट गोळा होऊन बसतो आणि त्रास वाढवतो. ‘इसबगोल मला चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं हे असतं. मूळव्याधीवर चोथ्याच्या उपयोगाचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा रक्त पडत राहण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. हा परिणाम यायला काही आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी निकाल मागू नये.

संडासातल्या सवयीही याच काळात बदलल्या. त्याच्या घरी कमोड होता. बसलेल्या स्थितीत मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग एका स्नायूच्या पट्ट्यामुळे कोनात वाकलेला राहतो आणि मल अडतो. पायाखाली वीस-बावीस सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवून गुडघे कमरेच्या वर आणले आणि किंचित पुढे झुकलं की हा कोन उघडतो. गुडघे दुखणाऱ्या जड माणसाला उकिडवं बसण्याचा फायदा असा मिळतो. मोबाइल बाहेर ठेवला. कमोडच्या मोकळ्या बैठकीवर बसल्यावर गुदद्वाराला खालून आधार नसतो, त्यामुळे जोर न करताही गाद्या तुंबतात. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं, नंतर पुन्हा जायचं. पोटात अन्न गेल्यावर मोठं आतडं आपोआप हालचाल करतं आणि ती हालचाल सकाळी सगळ्यात जोरकस असते. म्हणून न्याहारीनंतरची वीस-तीस मिनिटं राखून ठेवली. त्याआधी नुसत्या चहावर तो संडासात बसून वाट पाहायचा.

तीन आठवड्यांत जोर लावणं थांबलं, रक्त आठवड्यातून एखाद्या वेळी दिसायचं तेवढंच. आता वजन. चार चहांतली साखर दोन चमच्यांवरून अर्ध्या चमच्यावर आणली, फरसाणाच्या जागी संध्याकाळी भाजलेले फुटाणे आणि एक पेरू. एवढ्यानेच दिवसाला तीन-साडेतीनशे उष्मांक कमी झाले. न्याहारीला खारीच्या जागी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि लहान भाकरी. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, पालेभाजी, दाट आमटी, काकडी किंवा गाजराची कोशिंबीर आणि भात फक्त वाटीभर. रात्री आठला दुकानातच डबा, एक भाकरी आणि भाजी-आमटी. यात चोथा ३० ग्रॅमच्या घरात जातो. हे सगळं एका दिवसात केलं नाही. दर आठवड्याला साधारण पाच ग्रॅमची भर, म्हणजे आधी उसळ, मग पेरू, मग भाकरी. एकदम वाढवलं की पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस पहिल्याच आठवड्यात सोडून देतो.

चालणं सकाळी वीस मिनिटं आणि रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं. दुकानात तासातून एकदा उठून गिऱ्हाइकाला स्वतः तागा दाखवायचा. जिममध्ये जाऊन श्वास कोंडून जड वजन उचलण्याची त्याची इच्छा होती, ती पुढे ढकलली. श्वास रोखून उचलण्यात पोटातला दाब कुंथण्यासारखाच चढतो. उचलायचंच असेल तर हलकं वजन आणि उचलताना श्वास बाहेर.

सहा महिन्यांनी वजन ७७.५ किलो. म्हणजे आठवड्याला सरासरी अडीचशे ते तीनशे ग्रॅम, एकूण पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. कंबर ९७. भारतीय मोजमापाने तो अजून स्थूलच आहे, बीएमआय साडेअठ्ठावीसच्या घरात. तरीही फरक पडला, कारण पोटातली चरबी वजन उतरताना सुरुवातीलाच घटू लागते आणि आतला दाब तिच्याबरोबर खाली येतो. आदर्श वजन गाठेपर्यंत आराम मिळणार नाही असं समजून पुष्कळ जण सुरुवातच करत नाहीत. पाच ते दहा टक्के उतरणं हे पहिलं ध्येय म्हणून पुरेसं आहे.

मग घाई का नको? कारण झपाट्याने वजन उतरवण्याचे बहुतेक मार्ग मल कडक करतात. मलाचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणी असतो, उरलेल्यात जंतू आणि चोथा जास्त. दिवसाला सात-आठशे उष्मांकांवर राहिलं की बाहेर टाकण्याजोगं फारसं उरतच नाही. मलाशय भरत नाही, ताणलं जात नाही, त्यामुळे जाणीव येत नाही. मल आतच थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि चौथ्या दिवशी बाहेर येतो तो खडा. भाकरी, डाळ, फळं बंद करून फक्त पनीर-अंडी-चिकन खाणाऱ्यांचं हेच होतं. त्यात तेल-तूपही पूर्ण तोडलं तर जेवणानंतरची आतड्याची हालचालही मंदावते. दिवसाला दोन-तीन चमचे तेल-तूप राहू द्यावं. शिवाय आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं, म्हणजे सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड, घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. ती जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात, भूक मरते, पाणीही कमी प्यायलं जातं. बद्धकोष्ठता हा त्यांचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे. मूळव्याध असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, पहिल्या डोसपासूनच चोथा आणि पाण्याची सोय लावावी आणि डोस सावकाश वाढवावा.

आणखी एक फेरा पाहा. रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरतं, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू होतात, त्या गोळ्यांनी मल कडक आणि काळपट होतो, पुन्हा जोर, पुन्हा रक्त. गोळी बंद करू नये. एक दिवसाआड घेणं किंवा प्रकार बदलणं, हे डॉक्टरांशी बोलून करता येतं आणि जोडीला मल मऊ ठेवणारं औषध घेता येतं. घरातून सुचवलं जाणारं एरंडेल किंवा सोनामुखीचं चूर्ण एखाद्या वेळी ठीक, पण रोज रात्री घेऊन जुलाबासारखं झालं तर त्या वारंवारच्या जाण्यानेही कोंब चिडतात. सतत लागत असेल तर पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज यांसारखी, आतड्यात पाणी धरून ठेवणारी औषधं अधिक बरी.

काही खुणा दिसल्या तर आहारात वेळ घालवू नये. रक्त मलात मिसळलेलं किंवा गडद, लोह सुरू नसताना डांबरासारखा काळा मल, न ठरवता उतरणारं वजन, सहा आठवड्यांहून जास्त बदललेली शौचाची सवय, घरात जवळच्या नातेवाइकाला आतड्याचा कर्करोग. आणि कोंब बाहेर अडकून काळानिळा पडला, असह्य दुखू लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय.

वजन उतरल्याने ताणून तुटलेले तंतू पुन्हा जोडले जात नाहीत. पहिल्या-दुसऱ्या पायरीत रक्त थांबतं, कोंब बाहेर येणं कमी होतं आणि बऱ्याच जणांना पुढे काही करावं लागत नाही. चोथा, पाणी, सवयी सगळं करूनही दुसऱ्या पायरीचा कोंब रक्त गाळत राहिला तर त्याच्या मुळाशी रबराचं छोटं कडं बसवतात. हे ओपीडीत, भूल न देता होतं आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत कोंब सुकून गळतो. तिसऱ्या पायरीतल्या काहींना तेवढ्यावर भागतं, चौथीला बहुधा शस्त्रक्रियाच. तीही खाणं सुधारल्यावर केलेली बरी, नाहीतर ताज्या जखमेवरून पहिला मल जायचा तो पुन्हा खडाच असतो.

आपल्या दुकानदाराला कडं बसवावं लागलं नाही. गुदद्वाराबाहेर कातडीची एक छोटी लोंब उरली आहे, जुन्या सुजेची. ती दुखत नाही, रक्त देत नाही, वजन आणखी उतरलं तरी ती जाणार नाही. नीट धुता येत असेल तर ती काढण्याची गरजही नाही.